‘एक महिन्याची नोटीस’ म्हणजे नेमकी कुठल्या तारखेपर्यंत? भाडेकरारातल्या नोटीस आणि लॉक-इनच्या वादावर उपाय

दरवर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात आणि पुन्हा एप्रिल-मेमध्ये माझ्याकडे एकाच जातीचा वाद येतो. घर सोडलेलं असतं, किल्ली दिलेली असते, भिंतीला साधा ओरखडाही नसतो, तरी डिपॉझिट अडकलेलं असतं. भाडेकरू म्हणतो मी वेळेत कळवलं, घरमालक म्हणतो नोटीस पुरी झालीच नाही. करार उघडून पाहिला की बहुतेक वेळा दोघंही आपापल्या परीने बरोबर असतात, कारण करारात दोघांचंही म्हणणं बसतं. मी म्हापशात वकिली करते आणि भाडेकरार लिहिणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. हा वाद कोर्टात सोडवण्यापेक्षा करार लिहिताना अर्धा तास जास्त देऊन टाळणं किती सोपं आहे, हे मला दर हंगामात जाणवतं. म्हणून इथे एकच प्रकरण सविस्तर उलगडते. त्यातले आकडे खऱ्या वादाला धरून आहेत, माणसांची ओळख पटू नये इतके तपशील मात्र बदलले आहेत.

पर्वरीतला दोन बेडरूमचा फ्लॅट. मालक निवृत्त शिक्षक, वरच्या मजल्यावर राहणारे. भाडेकरू पणजीत नोकरी करणारा तरुण. भाडं महिना २२,००० रुपये, डिपॉझिट तीन महिन्यांचं म्हणजे ६६,०००. करार १ जून २०२४ पासून अकरा महिन्यांचा, म्हणजे ३० एप्रिल २०२५ पर्यंत. दलालाने आणलेल्या तयार नमुन्यात कलम असं होतं:

‘लॉक-इन कालावधी सहा महिन्यांचा राहील. त्यानंतर एक महिन्याची नोटीस देऊन करार संपुष्टात आणता येईल.’

वाचताना काही खटकत नाही. सही करताना दोघांनाही खटकलं नाही.

५ नोव्हेंबरला तरुणाची बदली पुण्याला झाली. त्याने त्याच संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर कळवलं: ‘सर, माझी बदली झाली आहे. मी ३० नोव्हेंबरला फ्लॅट सोडतो.’ सरांनी अंगठा दाखवणारं चिन्ह पाठवलं. ३० तारखेला सामान हललं, किल्ली सरांच्या हातात गेली आणि त्याने डिपॉझिटचं विचारलं.

‘बाळा, लॉक-इन आज संपलं. नोटीस त्यानंतर द्यायची असं लिहिलंय. म्हणजे तुझी नोटीस उद्यापासून सुरू होणार, तुला डिसेंबरचं भाडं द्यावं लागेल.’

‘पण सर, मी तुम्हाला ५ तारखेलाच कळवलं होतं.’

‘कळवणं वेगळं आणि नोटीस वेगळी.’

दोघांच्याही बोलण्यात लबाडी नव्हती. सरांनी करार जसा वाचला तसा सांगितला आणि तरुणाने जसा वाचला तसा पाळला. पुढे दलाल मध्ये पडला आणि त्याने तिसरंच गणित काढलं: नोटीस नीट दिली नाही म्हणजे करार मोडला, म्हणून एप्रिलपर्यंतच्या पाच महिन्यांचं भाडं, १,१०,००० रुपये. हा आकडा ऐकल्यावर दोन्ही घरांत बोलणं बंद झालं आणि प्रकरण माझ्याकडे आलं.

आता त्या एका वाक्याचे सांधे मोकळे करून पाहू.

‘त्यानंतर’ हा शब्द

लॉक-इन आणि नोटीस ही दोन वेगळी घड्याळं आहेत. लॉक-इन सांगतं की कोणत्या तारखेआधी सोडता येणार नाही. नोटीस सांगते की सोडण्याआधी किती दिवस सांगायचं. ही दोन्ही घड्याळं एकाच वेळी चालू शकतात, किंवा पहिलं थांबल्यावर दुसरं सुरू होऊ शकतं. यातलं कुठलं, हे करारात लिहिलं नाही तर दोन्ही अर्थ उभे राहतात.

‘त्यानंतर’ हा शब्द नोटीस देण्याला लागतो की करार संपण्याला? नोटीस देण्याला लावला तर लॉक-इन ३० नोव्हेंबरला संपलं, नोटीस लवकरात लवकर १ डिसेंबरला देता येईल आणि घर जवळजवळ डिसेंबरअखेर सुटेल. म्हणजे नावाला सहा महिन्यांचं लॉक-इन प्रत्यक्षात सात महिन्यांचं झालं. शब्द संपण्याला लावला तर नोटीस नोव्हेंबरातच देता येते, फक्त घर ३० नोव्हेंबरच्या आधी सुटत नाही. २२,००० रुपयांचा फरक एका क्रियाविशेषणावर टांगलेला होता.

दोन महिन्यांची नोटीस असलेल्या करारात हा फरक आणखी मोठा होतो. सहा महिन्यांचं लॉक-इन आणि दोन महिन्यांची नोटीस एकामागून एक धरली तर अकरापैकी आठ महिने निघून जातात. मग ‘मध्येच सोडायची सोय आहे’ असं म्हणण्यात फारसा अर्थ राहत नाही, आणि हे भाडेकरूच्या लक्षात येतं ते सोडायच्या वेळी.

‘एक महिना’ आणि ‘नोटीस’

दुसरा सांधा महिन्याचा. ५ नोव्हेंबरला दिलेली एक महिन्याची नोटीस ५ डिसेंबरला संपते, ४ डिसेंबरला संपते, की भाडं महिन्याच्या हिशेबाने असल्यामुळे ती ३१ डिसेंबरपर्यंत ओढली जाते? तिन्ही वाचनं मी प्रत्यक्ष वादात ऐकली आहेत. ३१ जानेवारीला नोटीस दिली तर महिना कधी भरतो, यावर तर दोन सुशिक्षित कुटुंबांना मी अर्धा तास भांडताना पाहिलं आहे. महिन्यांची लांबी सारखी नसते, म्हणून नोटीस दिवसांत लिहावी असं माझं ठाम मत आहे.

तिसरा सांधा म्हणजे नोटीस कशाला म्हणायचं. व्हॉट्सअॅपवरचा संदेश नोटीस आहे का? करारात पद्धत ठरवली नसेल तर तो संदेश पूर्ण निरुपयोगी नसतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे योग्य प्रमाणपत्रासह तो पुरावा म्हणून मांडता येतो. पण पुरावा म्हणून मांडता येणं आणि करारानुसार पुरेशी नोटीस ठरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. करारात ‘लेखी नोटीस’ एवढंच लिहिलेलं असलं की समोरचा म्हणणार, लेखी म्हणजे सही केलेला कागद.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे. इथले कितीतरी फ्लॅटमालक इथे राहतच नाहीत. कुणी लिस्बनला असतं, कुणी कुवेतला, कुणी मुंबईत. फ्लॅटची किल्ली शेजाऱ्याकडे, भाडं बँकेत जमा आणि करारावर सही मुखत्याराची. अशा वेळी नोटीस कुणाला द्यायची? शेजारच्या आजींना सांगितलं तर ती मालकाला पोहोचली असं धरायचं का? मुखत्यारपत्रात नोटीस स्वीकारण्याचा अधिकार दिलेला आहे का? भाडेकरू म्हणतो मी सांगितलं, मालक म्हणतो मला कळलंच नाही, आणि दोघंही खरंच बोलत असतात. करारात मालकाचा फक्त गोव्यातल्या त्याच फ्लॅटचा पत्ता असेल तर टपालाने पाठवलेली नोटीस शेवटी भाडेकरूच्याच दारात येऊन पडते. हे मी दोनदा पाहिलं आहे.

कोण सोडू शकतं?

हा सांधा सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे आणि गोव्यात सर्वांत जास्त दुखतो. पावसाळ्यात पर्यटक कमी असतात. जून-जुलैत मालक जरा कमी भाड्यात वर्षभरासाठी भाडेकरू घेतो. दिवाळी झाली की तोच फ्लॅट नाताळ आणि नववर्षासाठी दिवसाच्या हिशेबाने दिला तर किती मिळतील, हे गणित मालकाच्या डोक्यात सुरू होतं. मग नोव्हेंबरात भाडेकरूला निरोप येतो: ‘एक महिन्याची नोटीस, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जागा मोकळी करा.’ शाळेत जाणारी मुलं असलेल्या कुटुंबाला डिसेंबरात कळंगुट-हणजुणच्या पट्ट्यात वाजवी भाड्यात दुसरं घर शोधणं किती कठीण, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. उलटही होतं. भाडेकरू हंगामापुरता येतो, अकरा महिन्यांचं बोलून मार्चअखेर निघून जातो आणि मालकाला पावसाळाभर फ्लॅट रिकामा ठेवावा लागतो.

‘करार संपुष्टात आणता येईल’ हे कर्मणी वाक्य कोण आणणार ते सांगत नाही. इथे कायद्यात एक गोष्ट आहे जी बहुतेक घरमालकांना ठाऊक नसते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ११० मध्ये म्हटलं आहे की मुदतीचा भाडेपट्टा मुदतीआधी संपवता येईल असं लिहिलं असेल, पण तो कुणाच्या इच्छेने संपवता येईल ते लिहायचं राहिलं असेल, तर तो पर्याय भाडेकरूचा असतो, मालकाचा नाही. म्हणजे मालकाने मोघम कलम लिहून घेतलं तर ते त्याच्याच विरुद्ध जाऊ शकतं. हे कलम भाडेपट्ट्याला लागतं. जागा फक्त वापरायची परवानगी देणाऱ्या लीव्ह अँड लायसन्सला ते सरळ लागू होत नाही, तिथे करारात काय लिहिलंय तेच मुख्यतः पाहिलं जातं. मात्र कागदावर वरती ‘लीव्ह अँड लायसन्स’ असं लिहिल्याने तो लायसन्स होत नाही. जागेचा अनन्य ताबा दिला आहे का, दोघांचा हेतू काय होता, हे कोर्ट पाहतं. शिवाय एकदा तो भाडेपट्टा ठरला की गोव्याचा १९६८ चा इमारतींचा भाडे नियंत्रण कायदा चित्रात येतो आणि त्या कायद्याखालच्या भाडेकरूला नुसती नोटीस संपली म्हणून बाहेर काढता येत नाही. म्हणून मालकांनी लॉक-इन आणि नोटीस लिहिताना मनात ठेवावं की ही कलमं पैशांचा हिशेब ठरवतात. ताबा परत मिळवण्याचा रस्ता त्यांनी आपोआप मोकळा होत नाही.

लॉक-इनचंही तेच. ‘लॉक-इन सहा महिने’ हे फक्त भाडेकरूला बांधतं की मालकालाही? मी दोघांना बांधणारं लॉक-इन सुचवते, कारण मालकाला डिसेंबरात भाडेकरूला काढायचं असेल तर तो विचार जूनमध्येच उघड झालेला बरा. एकतर्फी ठेवायचं असेल तरी ते स्पष्ट एकतर्फी लिहा.

मोडलं तर किती?

दलालाने १,१०,००० चा आकडा काढला तो कुठून? त्याच्या डोक्यात लॉक-इन म्हणजे उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं असं पक्कं बसलेलं होतं. प्रत्यक्षात त्या करारात लॉक-इन मोडल्यास काय होईल याचं एकही वाक्य नव्हतं, आणि लॉक-इन तर ३० नोव्हेंबरला पुरं झालेलंच होतं.

समजा वाक्य असतं, तरी लिहिलेली रक्कम जशीच्या तशी मिळेल असं नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात नमूद केलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि तिच्या आत वाजवी भरपाई मिळते. कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की या कलमाखालीही नुकसान झालेलं असणं आवश्यक आहे. कलम ७३ चं स्पष्टीकरण सांगतं की नुकसान मोजताना ते कमी करण्याचे उपलब्ध मार्गही लक्षात घ्यायचे. म्हणजे मालकाने रिकामा फ्लॅट पुन्हा भाड्याने द्यायचा प्रयत्न करायला हवा. सरांनी तर तो फ्लॅट २० डिसेंबरपासून पर्यटकांना दिला होता. मग पाच महिन्यांचं भाडं नुकसान म्हणून मागणं टिकणार कसं?

प्रकरण शेवटी बोलून मिटलं. सरांनी ११,००० ठेवले आणि ५५,००० परत केले, पण त्याला चार महिने गेले. तरुणाला पुण्यात नव्या घराचं डिपॉझिट भरायला कर्ज काढावं लागलं. सर मला म्हणाले, ‘मुलगा चांगला होता हो.’ ते ऐकून मला वाईट वाटलं. एका वाक्याने दोन बऱ्या माणसांना एकमेकांसमोर उभं केलं होतं.

मग लिहायचं कसं

माझी कसोटी साधी आहे. करार समोर ठेवायचा आणि दोन्ही पक्षांना वेगवेगळं विचारायचं: ‘आज नोटीस दिली तर किल्ली कोणत्या तारखेला आणि हिशेब किती रुपयांचा?’ दोघांची उत्तरं एकच तारीख आणि एकच रक्कम नसतील तर कलम अजून लिहायचं बाकी आहे.

लॉक-इन महिन्यांत लिहू नका, तारखांत लिहा:

‘दि. १ जून २०२४ ते दि. ३० नोव्हेंबर २०२४, दोन्ही दिवस धरून, हा लॉक-इन कालावधी राहील. या कालावधीत मालक किंवा भाडेकरू यांपैकी कोणालाही, कलम अमुकमध्ये दिलेली कारणे वगळता, करार संपवता येणार नाही.’

‘दोन्ही दिवस धरून’ हे शब्द गाळू नका. मुदत एखाद्या दिवसापासून सुरू होते असं लिहिलं तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ११० प्रमाणे तो दिवस मोजणीत धरला जात नाही, आणि मग एका दिवसाचा वाद उरतो. वगळण्याची कारणं थोडी आणि ठोस ठेवा: दोन महिन्यांचं भाडं थकणं, जागेचा बेकायदा वापर, किंवा दुरुस्ती न केल्यामुळे घर राहण्यायोग्य न उरणं. पावसाळ्यात छत गळून खोली वापरता येईनाशी झाली तरी भाडेकरू लॉक-इनमध्ये अडकलेला, हे मला न्याय्य वाटत नाही, म्हणून हे शेवटचं कारण मी नेहमी घालते. ‘वाजवी कारणास्तव’ असं मात्र लिहू नका, कारण वाजवी काय यावरच पुढचं भांडण होतं.

मग नोटीस, आणि दोन घड्याळांचा संबंध:

‘मालक किंवा भाडेकरू, कोणीही, ३० दिवसांची लेखी नोटीस देऊन करार मुदतीपूर्वी संपवू शकेल. नोटीस लॉक-इन कालावधीतही देता येईल. नोटीस समोरच्याला पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ३० दिवस मोजले जातील. करार ३० वा दिवस किंवा दि. ३० नोव्हेंबर २०२४, यांपैकी जी तारीख नंतरची असेल, त्या दिवशी संपेल. त्या दिवसापर्यंतचे भाडे दररोज मासिक भाड्याच्या एक-तीसांश दराने मोजले जाईल.’

‘यांपैकी जी तारीख नंतरची’ या चार शब्दांत पर्वरीचा सगळा वाद मिटतो. तेच उदाहरण यात घालून पाहा. नोटीस ५ नोव्हेंबरला पोहोचली. पहिला दिवस ६ नोव्हेंबर. नोव्हेंबरचे २५ दिवस आणि डिसेंबरचे ५, म्हणजे ३० वा दिवस ५ डिसेंबर. लॉक-इन ३० नोव्हेंबरला संपलं, नंतरची तारीख ५ डिसेंबर. तरुण ३० नोव्हेंबरला निघून गेला तरी पाच दिवसांचं भाडं त्याच्याकडून येणं आहे. २२,००० भागिले ३० म्हणजे दिवसाला ७३३ रुपये ३३ पैसे, पाच दिवसांचे ३,६६७ रुपये. सरांनी ही रक्कम कापून उरलेले ६२,३३३ परत करायचे. भांडायला जागाच नाही.

ज्या मालकाला नोटीस लॉक-इननंतरच हवी आहे त्याने तसं लिहावं, पण मग लॉक-इनची तारीख खरी काय ते भाडेकरूला मोकळेपणाने सांगावं. मला वाटतं सात महिन्यांचं लॉक-इन हवं असेल तर सात महिने लिहिणंच बरं.

नोटीस पोहोचवण्याची पद्धत:

‘नोटीस खाली दिलेल्या ईमेलवर, किंवा खाली दिलेल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने, किंवा हस्ते देऊन सहीनिशी पोच घेऊन द्यावी. ईमेल पाठवल्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि स्पीड पोस्ट पोहोचल्याच्या किंवा घेण्यास नकार दिल्याच्या दिवशी, नोटीस पोहोचली असे धरले जाईल. मालक गोव्याबाहेर असल्यास त्यांच्या वतीने खाली नाव दिलेली व्यक्ती नोटीस स्वीकारण्यास अधिकृत आहे.’

व्हॉट्सअॅप ठेवायचं की नाही हे तुमच्यावर आहे. ठेवायचं असेल तर नंबर लिहा आणि संदेश वाचल्याची खूण हीच पोच, असं लिहू नका, कारण अनेकांनी ती खूण बंद केलेली असते. मी व्हॉट्सअॅप फक्त आगाऊ सूचनेसाठी ठेवते आणि नोटीस ईमेलने द्यायला सांगते. पत्त्याच्या जागी मालकाचा खरा राहता पत्ता लिहिला आहे ना, हे एकदा बोट ठेवून तपासा.

आता मोडल्यास काय:

‘भाडेकरूने लॉक-इन कालावधीत जागा सोडल्यास, जागा सोडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून जागा पुन्हा भाड्याने जाईपर्यंत किंवा दि. ३० नोव्हेंबर २०२४ पर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंतचे भाडे तो भरपाई म्हणून देईल. ही भरपाई कोणत्याही स्थितीत एक महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त असणार नाही. मालकाने लॉक-इन कालावधीत करार संपवल्यास तो भाडेकरूला एक महिन्याच्या भाड्याइतकी रक्कम सामान हलवण्याच्या खर्चापोटी देईल.’

समजा त्या तरुणाची नोटीस २० ऑगस्टला पोहोचली असती आणि तिचे ३० दिवस भरल्यावर तो १९ सप्टेंबरला गेला असता. लॉक-इनचे ७२ दिवस उरतात, म्हणजे ५२,८०० रुपये. फ्लॅट १ ऑक्टोबरला पुन्हा भाड्याने गेला तर मालकाचं खरं नुकसान ११ दिवसांचं, ८,०६७ रुपये, तेवढेच द्यायचे. फ्लॅट नोव्हेंबरपर्यंत रिकामाच राहिला तर मर्यादा २२,००० ची. मालकाला हे कमी वाटेल. मर्यादा दीड-दोन महिन्यांवर न्यायची तर न्या, पण अकरा महिन्यांच्या घरगुती भाड्यात उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं मागणारं कलम लिहून मालक कोर्टात वाजवी भरपाईच्या प्रश्नाशी झगडत बसतो, आणि तोवर भाडेकरूचं डिपॉझिट अडकलेलं राहतं. हंगामात फ्लॅट दिवसाच्या हिशेबाने दिला तर तो ‘भाड्याने गेला’ असं धरायचं का, तेही लिहा. पट्टा किनाऱ्याजवळचा असेल तर मी ‘अल्पमुदतीच्या पाहुण्यांनाही’ असे शब्द घालते.

डिपॉझिटचं एक वाक्य इथेच हवं: किल्ली मिळाल्यापासून सात दिवसांत, थकलेलं भाडं, वीज-पाण्याची बिलं आणि वर दिलेली भरपाई एवढंच वजा करून, वजावटीचा लेखी हिशेब देऊन परत करायचं. नाहीतर तारखा कितीही चोख असल्या तरी मालक पैसे दाबून ‘बघू’ म्हणत राहतो.

नूतनीकरण, आणि तीन वर्षांचा करार

अकरा महिने संपले की बरेच लोक एका पानावर ‘त्याच अटींवर पुढील अकरा महिने’ असं लिहून सही करतात. मग लॉक-इन पुन्हा नव्याने सुरू झालं का? ‘त्याच अटी’ म्हटलं की लॉक-इनही त्याच अटींत येतं, असा मालकाचा दावा उभा राहतो. नूतनीकरणात लॉक-इन नको असेल तर ‘लॉक-इन कालावधी लागू राहणार नाही’ हे वाक्य लिहावंच लागतं.

दुसरी चूक महागात पडणारी आहे. काही मालकांना लांबचं लॉक-इन हवं असतं, म्हणून तीन वर्षांचा भाडेपट्टा, त्यात दोन वर्षांचं लॉक-इन, आणि कागद फक्त नोटरीकडून करून घेतात. एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत असावा लागतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम १०७ आणि नोंदणी अधिनियम, १९०८ चं कलम १७ हेच सांगतात, आणि नोंदणी नसेल तर कलम ४९ मुळे तो कागद त्यातल्या अटी सिद्ध करण्यासाठी वापरता येत नाही. मग सामान्यतः राहण्याच्या घरासाठी तो महिन्या-महिन्याचा भाडेपट्टा धरला जातो आणि मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०६ प्रमाणे पंधरा दिवसांची नोटीस पुरते. दोन वर्षांचं लॉक-इन कागदावरच राहतं. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. लांब मुदत हवी असेल तर उपनिबंधकांच्या कार्यालयात जाऊन नोंदणी करा, मुद्रांक शुल्काचा खर्च आधी धरा.

सही झालेल्या करारात कलम मोघम असेल तर

वाद सुरू होण्याआधी, दोघांचं बोलणं गोड असताना, एक पुरवणी करून घ्या. ती वेगळ्या मुद्रांक कागदावर, मूळ कराराची तारीख आणि जागेचा तपशील देऊन, दोघांच्या आणि त्याच साक्षीदारांच्या सह्यांनिशी करावी. मूळ करार नोंदणीकृत असेल तर पुरवणीचीही नोंदणी करावी. मजकूर लांबलचक नको. मूळ कराराचं अमुक क्रमांकाचं कलम काढून त्या जागी वर दिलेली लॉक-इन आणि नोटीसची कलमं घातली आहेत आणि बाकीच्या अटी तशाच राहतील, एवढं पुरे. करार इंग्रजीत असेल तर पुरवणीही इंग्रजीत ठेवा, पण सही करण्याआधी ती मराठीत किंवा कोंकणीत वाचून समजावून घ्या आणि तारखांवर बोट ठेवून घ्या.

वाद सुरू झालाच असेल आणि समोरचा पुरवणीला तयार नसेल, तर भाडेकरूने घर सोडण्याआधीच ईमेलने लिहावं की माझ्या समजुतीप्रमाणे नोटीस अमुक तारखेला पोहोचली, अमुक तारखेला मी ताबा देत आहे आणि अमुक रक्कम येणं आहे. मालकानेही तसंच आपलं गणित कारणांसह लेखी कळवावं. मग किल्ली देताना मीटरचं रीडिंग, चालू स्थितीतल्या वस्तू आणि तारीख एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी. समोरचा सही करायला तयार नसेल तर किल्ली शेजाऱ्याकडे न देता साक्षीदारासमोर द्यावी आणि त्याच दिवशी ईमेल करावा. तरुणाने एवढं केलं असतं तर ५ नोव्हेंबर ही तारीख कुणाला नाकारता आली नसती, आणि मुद्दा फक्त ३,६६७ की २२,००० एवढाच राहिला असता. तो मी त्या दोघांना माझ्या टेबलाशी बसवून एका दुपारी सोडवला असता.